कलिंगडागत फोड

“अहो, एवढा जुना मोगरा! त्याची मुळं कापायला तुमचा हात तरी कसा धजतो? सरळ मोठी कुंडी घ्या की!”

हात धजत नाही. पहिलं उत्तर हेच, आणि ते कुणाला पटत नाही. दर फेब्रुवारीत गच्चीवर घंगाळ, करवतीचं पातं आणि पोतं घेऊन जाताना माझ्या पोटात गोळा येतो. शेजारच्या गच्चीवरून कुणी बघत असेल तर जास्तच. तरी मी कापते.

मोठ्या कुंडीचं आधी संपवते. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराची गच्ची ज्यांनी पाहिलीय, त्यांनी तरी हे विचारू नये. पाण्याची टाकी आणि कठडा यांच्या बेचक्यात सासूबाईंचा मोगरा आहे. सिमेंटची कुंडी, पोट सुटलेली, तोंड आत वळलेलं. चौदा इंचीच्या जागी अठरा इंची घेतली तर माती दुपटीहून जास्त मावते. ओली झाल्यावर ती कोण उचलणार, आणि ठेवणार कुठे? पण समजा जागा असती, तरी मी लगेच बदलली नसती. मुळांनी आतल्या आत गच्च वेढे घातलेला गोळा तसाच उचलून मोठ्या कुंडीत ठेवला, तर तो गोळा गोळाच राहतो. पाणी भोवतीच्या नव्या भुसभुशीत मातीतून उतरून जातं आणि आतलं कोरडं ते कोरडंच. मुळं आपली जुन्या सवयीनं गोल गोल फिरत राहतात. कोवळं, वाढतं झाड असेल तर मोठी कुंडी द्यावी, मीही देते. हा मोगरा पंचवीसेक वर्षांचा आहे. त्याला मोठं व्हायचं नाहीय, फुलायचंय.

आता अनंताचं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि ते सांगायचं टाळत मी बरीच वर्षं “अनंताला मूळ कापलेलं सोसत नाही” एवढ्यावर भागवलं.

अनंत माझ्या बाबांनी गडहिंग्लजहून एसटीनं मांडीवर धरून आणला होता. आठ-नऊ वर्षं उत्तम फुलला. मग पानं पिवळट, लहान व्हायला लागली. पाणी घातलं की डोळ्यादेखत खालच्या भोकातून निथळायचं, दुपारपर्यंत कुंडी परत सुकी. भोकातून मुळ्यांची दाढी बाहेर आलेली. म्हणजे निदान बरोबर होतं माझं: कुंडीत माती उरलीच नव्हती, नुसती मुळं होती. चुकलं ते पुढचं सगळं.

2017 चा मे. शाळेला सुट्टी, म्हणून मे. झाडाला काय सोयीचं हे मी बघितलंच नाही, मला काय सोयीचं ते बघितलं. कुंडी आडवी करून गोळा काढला. बुडाच्या खापऱ्या मुळांनी अशा आवळून धरल्या होत्या की निघेनात. मला तेव्हा स्वच्छतेचा झटका आला. नळी लावली आणि सगळी माती धुऊन काढली, शेवटच्या कणापर्यंत. मुळं उघडी, गोरी, सुंदर दिसत होती. मग कात्रीनं निम्मी कापली. ज्या केसासारख्या बारीक मुळ्या प्रत्यक्षात पाणी पितात, त्या बहुतेक त्या धारेतच तुटून गेल्या होत्या. मी शिल्लक ठेवलेली जाड मुळं झाड धरून ठेवायच्या कामाची, पिण्याच्या नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नाही, खोटं कशाला, वाचलं होतं. पण जाड मूळ कापायला भीती वाटली आणि बारीक गेल्याचं काही वाटलं नाही.

नवी माती भरली, त्यात ओंजळभर अर्धकच्चं शेणखत, आणि कुंडी परत त्याच उन्हात. तिसऱ्या दिवशी पानं मलूल झाली. मी पाणी घातलं. संध्याकाळी तशीच, परत पाणी. दिवसातून तीनदा पाणी. आठवड्यानं पानांचे देठ काळे पडायला लागले तेव्हा अशक्तपणा आला असेल म्हणून चमचाभर डीएपी टाकलं. जखमी मुळांभोवती खताचं खारट पाणी झालं की मुळं पाणी ओढण्याऐवजी सोडतात. म्हणजे मी तहानलेल्याला मीठ चारलं.

माती ओली असताना पान लोंबत असेल तर ती तहान नव्हे. एवढं एक मला त्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर कदाचित... कदाचितच. बोट दोन पेरं मातीत घातलं असतं तर कळलं असतं, खाली चिखल होता. मी वरून बघत होते, आणि वर कडक ऊन होतं.

विसाव्या दिवशी एक फांदी हातात काटकन आली. नखानं साल खरवडली: वर तपकिरी, खाली बुंध्याशी थोडा हिरवा. चार दिवसांनी तिथंही तपकिरी. उपटून बघितलं तर मुळाची साल बोटांवर मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा. गटारासारखा वास. एकही नवं पांढरं टोक नव्हतं. बाबा फोनवर विचारायचे, “अनंत फुलला का गं?” मी अख्खा पावसाळा “हो, येतायत कळ्या” म्हणत काढला. गणपतीला ते आले, टाकीच्या बाजूला गेले, परत आले, चहा प्यायले. विषय निघाला नाही. अजूनही नाही.

तेव्हा, “एकदा झाड मारूनही तुम्ही कापताच?” असं ज्या मला ऐकवतात, त्यांना माझ्याकडे ठणकावून सांगण्यासारखं काही नाही. कापल्यानं मेला की मे महिन्यानं, की धुतल्यानं, की माझ्या पाण्यानं? चार गुन्हे एकाच वेळी केले की मूळ आरोपी सापडत नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी मोगऱ्याला हात लावला नाही. कुंडीची तीच गत झाली: उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी, तरी दुपारी पानं खाली. गोळा काढायचा तर आत वळलेल्या तोंडातून तो निघणार नाही, कुंडी फोडावी लागणार. कुंडी सासूबाईंनी स्वतः पसंत करून आणलेली. शेवटी नर्सरीवाल्या मामांना विचारलं. ते म्हणाले, “उपटायला कशाला पायजे? कलिंगडागत फोड काढा की. यंदा दोन, पुढल्या सालाला दोन.”

तेच करते. संक्रांत होऊन गेली, थंडी सरत आली आणि मोगऱ्याची नवी पालवी अजून सुटली नाही, अशा वेळी. काहीजण मृगात करतात. ढगाळ हवेत झाडाची पाण्याची ओढ कमी असते, हे खरं. पण आमच्याकडे जून-जुलैत कुंडी आठवडेच्या आठवडे वाळत नाही, आणि ताजी कापलेली मुळं ओल्या मातीत कुजायची मला धास्ती आहे. अनंतामुळे असेल.

आदल्या दिवशी पाणी घालायचं, म्हणजे माती ढासळत नाही. फांद्या तशाही छाटायच्या असतातच, मोगरा नव्या फुटीवर फुलतो. मी साधारण तिसरा हिस्सा उतरवते. मग बुंध्याभोवती चार-पाच बोटं जागा सोडायची, तिला हात लावायचा नाही. उरलेल्या कड्याचे मनातल्या मनात आठ भाग. त्यातले समोरासमोरचे दोन. लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं, एका टोकाला कापड गुंडाळलेलं, बुंध्याकडच्या बाजूनं सरळ खाली घालायचं आणि कापत कडेपर्यंत यायचं. दोन्ही बाजू कापल्या की फोड खुरप्यानं उचकटून बाहेर. पहिल्या वर्षी निघालेली फोड मी हातात घेऊन बघत बसले. कुंडीच्या भिंतीला टेकलेली बाजू विणलेल्या पायपुसण्यासारखी, चपटी, आणि आत चिमूटभरही माती नाही.

कापलेलं जाड मूळ खरवडून बघते: आत पांढरं, ओलसर असेल तर जिवंत. अशा कापाच्या मागून काही आठवड्यांत बारीक मुळ्यांचा झुपका फुटतो. म्हणून तर कापायचं. खळग्यात तांबडी माती, पूर्ण कुजलेलं खत आणि चाळलेला विटेचा चुरा, तिन्ही सारख्या मापानं. काळी माती नाही. वाळली की ती भेगाळते आणि कडेपासून सुटते. भरताना काठीनं हलके टोचत जायचं, ठेचायचं नाही. आत पोकळी राहिली तर नेमकी तिथली मुळी वाळते. मग एकदा भरपूर पाणी, आणि त्यानंतर बोट घालून बघितल्याशिवाय थेंब नाही. कुंडी हलत नाही, म्हणून सावलीसाठी पंधरा दिवस वर जुनी साडी बांधते. नवी फूट बोटभर होईपर्यंत खत नाही, कुणी कितीही सुचवलं तरी.

पहिले आठ-दहा दिवस दुपारी पानं मलूल होतात, संध्याकाळी उभी राहतात. तेवढं चालतं. सकाळीही लोंबलेली असतील तर काळजी. पहिल्या वर्षी चौथ्या दिवशी तशी होती. मी झारी भरली, दोन पेरं बोट घातलं, माती ओली होती, झारी ठेवून दिली आणि खाली जाऊन स्वयंपाक केला. एवढं अवघड काही मी बागेत केलेलं नाही. सहाव्या दिवशी पानं उभी राहिली.

फुलं वाढली का? पहिल्या चैत्रात कमीच आली, सासूबाईंनी तसं बोलूनही दाखवलं. नंतर मोजली नाहीत. पण आता एप्रिलमध्ये दिवसातून एकदा पाणी पुरतं, आणि घातलेलं पाणी लगेच खालून पळत नाही.

ह्या पद्धतीनं बुडाचं काही होत नाही, हे आधीच कबूल करते. पातं वीतभर जातं, त्याखालचा मुळ्यांचा गठ्ठा तसाच आहे. पावसाळ्याआधी हे आणि मी कुंडी कलती करून भोकात तार फिरवतो, नाहीतर पाणी साचतं. दरवर्षी तार जरा जास्त अडते.

2023 पासून सहा फोडी झाल्या. उरलेल्या दोनांतली एक कठड्याच्या बाजूला आहे, तिथं माझा हात शिरत नाही. हे म्हणतात, “आता फोडूया कुंडी.” सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं पातं कुठे ठेवलंय ते विचारलं.