आमची वाटचाल: मातीच्या गोण्यांपासून कागदी गोळ्यांपर्यंत

म्हापशाला आमचं दुकान मुळात प्राण्यांच्या खाद्याचं. मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमध्ये पसरायचं लिटर आम्ही जोडधंदा म्हणून ठेवलं. कच्छच्या बेंटोनाइट मातीच्या गोण्या आणायच्या, चाळायच्या, छोट्या पिशव्या भरायच्या. गोणी ओतली की खोलीभर पांढुरकी धूळ. या धुळीत सिलिकाचे बारीक कण असू शकतात, म्हणून आज मास्कशिवाय आम्ही कुणाला चाळायला बसवत नाही.

तरी मोठ्या मांजरासाठी आजही हीच माती जास्त खपते. लघवी पडली की तिचा घट्ट गोळा होतो आणि तो उचलला की लघवीच घराबाहेर जाते. लघवीतल्या युरियापासून जीवाणू अमोनिया तयार करतात, पण त्याला वेळ लागतो. रोज गोळे काढणाऱ्याच्या घरात म्हणूनच वास नसतो.

पिल्लांचं गणित निराळं. डिचोलीच्या एक ताई पाचेक आठवड्यांच्या चार पिल्लांसाठी हीच माती मागायला आल्या. या वयात पिल्लू दिसेल ते तोंडात घालून बघतं, शिवाय पंजे चाटतं. मी काचेच्या ग्लासात चमचाभर माती टाकून वर पाणी ओतलं. ती फुगून चिकट लगदा झाली. "पोटात गेली तर असंच होणार?" ताईंनी विचारलं. थोडी गेली तर बहुधा शीवाटे निघून जाते, पण जास्त गेली तर आतडं तुंबू शकतं. पिल्लू खाईनासं झालं, ओकू लागलं, शी बंद होऊन पोट फुगलं, तर थेट डॉक्टरकडे न्यायचं.

त्यांना कागदाच्या गोळ्या दिल्या. सोबत कमी काठाचा ट्रे, थर दोन बोटांचा. धूळ जवळजवळ नाही, पायाला मऊ. उणीव वासाची: कागद ओल शोषतो, पण अमोनिया अडवत नाही. चार पिल्लं म्हणजे ओला भाग दिवसातून दोनदा काढायचा आणि दोन-तीन दिवसांनी सगळंच बदलायचं. जुलैत तर त्याहून लवकर. खर्च होतो, ते मी आधीच सांगतो.

लाकडी गोळ्या वासाला कागदापेक्षा बऱ्या. ओल्या झाल्या की त्यांचा भुसा होतो, तो जाळीच्या ट्रेमधून खाली पडतो. पण आपल्या पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर दमट हवेनेच गोळ्या फुटतात आणि मग भुशाची धूळ. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यातच ठेवाव्यात. कोवळ्या पंजांना त्या टोचतात, काही पिल्लं ट्रेकडे फिरकतच नाहीत. भट्टीत जाळायच्या गोळ्या स्वस्त मिळतात. त्यांत कसलं लाकूड, काय मिसळलंय कळत नाही, म्हणून त्या आम्ही घेत नाही.

ताईंची पिल्लं चार महिन्यांची झाल्यावर आम्ही कागदात पाव भाग माती मिसळायला सांगितली, मग दर आठवड्याला थोडी वाढवत नेली. एका पिल्लाने मधेच कोपऱ्यात घाण केली, तेव्हा एक पायरी मागे गेलो.

आता चार महिन्यांहून लहान पिल्लू घरात असेल तर आम्ही माती विकत नाही. काही गिऱ्हाईकं चिडून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.