आठ बिटांतील वजाबाकी: माझा सराव आणि पडताळणी

संगणकाच्या मूलभूत ज्ञानाच्या पेपरची तयारी करताना मी सर्वाधिक वेळ टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने करायच्या वजाबाकीला दिला, कारण संख्येचे रूपांतर, पूरक काढणे आणि बेरीज या तिन्ही क्रिया त्या एकाच प्रश्नात तपासल्या जातात. सरावासाठी मी मुद्दाम ऋण उत्तर येणारी उदाहरणे घेत असे. ४५ − ७८ हे त्यांपैकी एक.

रूपांतरासाठी २ ने वारंवार भागण्याऐवजी मी १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ या स्थानकिमती लिहून मोठीपासून वजा करत गेलो. ७८ मध्ये ६४, ८, ४ आणि २ बसतात, म्हणून ०१००१११०; त्याच रीतीने ४५ म्हणजे ००१०११०१. पडताळणीसाठी मी चार-चार बिटांचे गट पाडून सोळाच्या पटीत वाचत असे: ०१०० म्हणजे ४ आणि १११० म्हणजे १४, म्हणून ४ × १६ + १४ = ७८. स्थानकिमतींची तीच बेरीज पुन्हा करण्यापेक्षा हे बरे, कारण दुसऱ्या वाटेने गेल्यास जुनी चूक सहसा तशीच पुढे येत नाही.

पूरक काढताना सर्व बिट उलटवून १ मिळवण्याची रीत लांबते. त्याऐवजी उजवीकडून पहिला १ येईपर्यंतचे अंक, त्या १ सह, तसेच ठेवायचे आणि डावीकडचे बाकीचे उलटवायचे. ०१००१११० मधील शेवटचे १० तसेच राहतात आणि १०११००१० मिळते. याचे चिन्हरहित मूल्य १७८ असून १७८ + ७८ = २५६ होते; आठ बिटांत ही बेरीज २५६ न आल्यास पूरक चुकले आहे. (उत्तरपत्रिकेत मात्र पायऱ्यांना गुण असतील, तर लांबची रीतच लिहावी आणि ही कच्च्या कामात ठेवावी.)

```
  ००१०११०१
+ १०११००१०
----------
  ११०१११११
```

येथे आठव्या बिटाबाहेर कॅरी जात नाही, म्हणजे पहिली संख्या दुसरीपेक्षा लहान आहे आणि उत्तर ऋण आहे. त्याचे पुन्हा पूरक काढले की ००१००००१, म्हणजे ३३ मिळतात, उत्तर −३३.

कॅरी आणि ओव्हरफ्लो यांची गल्लत मात्र सहज होते. कॅरी बाहेर गेला तरी उत्तर बरोबर असू शकते, आणि न जाताही चुकू शकते. १०० + ४५ ही बेरीज आठ बिटांत १००१०००१ येते, कॅरी बाहेर जात नाही, तरीही चिन्हासहित वाचल्यास ती −१११ दिसते, कारण या पद्धतीत आठ बिटांची मर्यादा −१२८ ते १२७ आहे. म्हणून बेरीज झाल्यावर मी डावीकडचे चिन्हबिट पाहतो: दोन्ही संख्यांचे चिन्ह सारखे आणि उत्तराचे वेगळे असेल, तर ओव्हरफ्लो झाला आहे, दोन्हींची चिन्हे भिन्न असतील, तर तो होऊच शकत नाही.