समुद्रात सोडलेला ई.सी. मीटर परत येत नाही

आमचं गाव खारपाणपट्ट्यात, दर्यापूर तालुक्यात. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की थुंकावं लागतं आणि पिकाला दिलं की दोन वर्षांत जमीन चोपण होते. बाबांनी एकदा पाणी तपासून आणलं होतं, त्या कागदावर ई.सी. 3.8 असं लिहिलेलं. म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचा आकडा, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये. मीठ जास्त तर आकडा जास्त.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्टसाठी मी समुद्राच्या क्षारतेचा विषय घेतला, तेव्हा घरी कोणालाच पटलं नाही. बाबा म्हणाले, "आपल्यापासून समुद्र कुठी, तू कुठी! इथल्या खाऱ्या पाण्याचं कर ना काही." खरं तर मी तेच करत होते. समुद्राच्या पाण्याचा ई.सी. 25 अंशांला साधारण 53 येतो. एकक तेच, विहिरीवरचंच.

माझा विषय होता बंगालच्या उपसागरातला एक आर्गो फ्लोट. फ्लोट म्हणजे माणसाएवढ्या उंचीची, वीस-पंचवीस किलोची नळी. ती 1000 मीटर खोल जाऊन नऊएक दिवस प्रवाहाबरोबर वाहत राहते, मग 2000 मीटरपर्यंत उतरते आणि वर येता येता तापमान, दाब व वाहकता मोजते. वर-खाली जायला पंखा नाही की मोटारीचं चाक नाही. आतलं तेल पंपाने बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की वजन तेच राहून आकारमान वाढतं आणि नळी वर येते. तेल परत आत घेतलं की बुडते. वर आल्यावर उपग्रहाला आकडे देते आणि पुन्हा खाली. दर दहा दिवसांनी एक फेरी. असे जगभरात सुमारे 4000 फ्लोट आहेत आणि त्यांचा डेटा कोणालाही फुकट उतरवता येतो. भारताकडचे फ्लोट हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था सांभाळते. माझ्या फ्लोटची 160 फेऱ्यांची सगळी फाइल काही एमबीचीच होती, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, लाइट नसताना, गच्चीवर बसून उतरवता आली.

सुरुवातीला मला वाटलं होतं, वाहकता मोजली की क्षारता मिळाली. सरांनी पहिल्याच दिवशी दोन ओळी लिहून चालवायला लावल्या. gsw ही क्षारता काढून देणारी पायथनची लायब्ररी, कंसात क्रमाने वाहकता, तापमान आणि दाब. उत्तर 35 म्हणजे किलोभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ.

```python
import gsw
gsw.SP_from_C(42.914, 15, 0)   # 35.0
gsw.SP_from_C(42.914, 16, 0)   # 34.1
```

वाहकता तीच, तापमानात फक्त एका अंशाचा फरक, आणि क्षारता जवळजवळ 0.9 ने घसरली. गरम पाण्यातून वीज जास्त सहज जाते, म्हणून तापमान नेमकं माहीत नसेल तर वाहकतेच्या आकड्याला अर्थ नाही. आमच्या लॅबमधला मीटर हे काम गुपचूप करतो, वाचन 25 अंशांवर आणूनच दाखवतो, त्यामुळे आपल्याला कळतच नाही. दाबाचंही तसंच. 2000 मीटर खोलीवर दाब धरायचा विसरलो तर क्षारता साधारण एकाने जास्त निघते. आणि समुद्रशास्त्रज्ञांना हवी असते 0.01 ची अचूकता. म्हणजे मोजायची एक गोष्ट, पण तीन सेन्सर एकाच वेळी खरे बोलायला हवेत.

फाइल उघडून मी प्रत्येक फेरीतली 1500 मीटरवरची क्षारता आलेखावर मांडली. ठिपके बरेच विखुरलेले होते, पण शेवटच्या वर्ष-दीड वर्षात ते स्पष्ट वर चढत होते. मला आनंदच झाला. उपसागराचं खोल पाणी खारट होत चाललंय, असं मी ठोकून लिहिलं. प्रोजेक्टचं शीर्षकसुद्धा तसंच केलं. आठ दिवस मी त्याची कारणंही शोधली: कमी पाऊस, नद्यांवरची धरणं, अरबी समुद्राकडून येणारं पाणी. पृष्ठभागावर गंगा-ब्रह्मपुत्रेमुळे किती गोडं पाणी पसरतं याची आठ पानं भरली.

सरांनी पानं उलटली आणि एवढंच विचारलं, "1500 मीटरवरचं पाणी इतक्या लवकर बदलतं का? आणि ठिपके एवढे विखुरले कशाने?"

विखुरण्याचं उत्तर आधी सापडलं. समुद्राच्या पोटातही लाटा असतात. तिथले थर कित्येक मीटर वर-खाली होत असतात, त्यामुळे आज 1500 मीटरवर जे पाणी आहे ते दहा दिवसांनी 1480 वर असू शकतं. ठरावीक खोलीवर बघितलं तर आपण दर वेळी वेगळंच पाणी मोजतो. पण पाणी आपलं तापमान आणि मीठ दोन्ही सोबत घेऊन हलतं. म्हणून खोली धरण्याऐवजी तापमान धरायचं, तेही दाबामुळे आलेली ऊब वजा केलेलं. मी 3.0 अंशांचं पाणी धरलं, जे या भागात 2000 मीटरच्या थोडं वर सापडतं. लगेच सगळे ठिपके एका रेषेत बसले: पहिल्या 70 फेऱ्या, म्हणजे जवळपास दोन वर्षं, क्षारता 34.79 च्या आसपास अगदी सपाट. मग 90व्या फेरीला 0.01 वर, 110व्या फेरीला 0.04 वर आणि 130व्या फेरीला तब्बल 0.12 वर.

विखुरणं गेलं पण चढ राहिला, उलट जास्त उठून दिसायला लागला. आता शेजारचे फ्लोट बघितले. त्याच काळात, त्याच भागात फिरणाऱ्या तीन फ्लोटचं 3.0 अंशांचं पाणी 34.79 लाच होतं. एकाच विहिरीचं पाणी चार जणांनी मोजलं, तिघांचं जुळलं आणि माझं वेगळं आलं, असा प्रकार.

तरी मी लगेच वाहकतेच्या सेलवर आळ घेतला नाही, तीन सेन्सर होते ना. कोण खोटं बोलतंय ते हिशेबाने काढलं. क्षारतेत 0.05 ची चूक फक्त दाबामुळे व्हायची तर दाबाचा सेन्सर शंभरएक डेसिबारने, म्हणजे जवळपास शंभर मीटर पाण्याच्या दाबाने चुकायला हवा. पण फ्लोट वर आला की पृष्ठभागावरचा दाबही कळवतो, आणि तो शून्याच्या अगदी जवळ होता. म्हणजे दाब सुटला. तापमानामुळे तेवढी चूक व्हायला थर्मिस्टर, म्हणजे तापमानाचा सेन्सर, 0.05 अंशांच्या आसपास सरकायला हवा, आणि हे थर्मिस्टर वर्षानुवर्षं अंशाच्या काही हजाराव्या भागातच राहतात. उरला वाहकतेचा सेल.

सेल म्हणजे काचेची बारीक नळी, आत प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड. त्यातून ठरावीक वेगाने पाणी खेचलं जातं. वाचन किती येणार हे नळीच्या आतल्या मापावर ठरतं. आत शेवाळाचा पातळ थर बसला तर वाट अरुंद होते आणि पाणी गोडं असल्यासारखं वाटतं. म्हणून तोंडाशी शेवाळ मारणारं औषध ठेवतात, फ्लोटला बराच काळ अंधाऱ्या थंड पाण्यात ठेवतात आणि पृष्ठभागाच्या पाच-एक मीटर खालीच पंप बंद करतात, नाहीतर वरचा तेलकट तवंग आत ओढला जाईल. माझ्या फ्लोटची चूक मात्र उलट्या बाजूची होती, खारटाकडची. सरांकडून कळलं की ठरावीक वर्षांत बनलेल्या काही सेलमध्ये बांधणीचाच दोष होता आणि असे फ्लोट मधूनच एकाएकी खारट दाखवायला लागतात.

आमच्या लॅबचा मीटर गेल्या वर्षी असाच बिघडला होता. आम्ही इलेक्ट्रोड धुतला, 0.01 मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या बाटलीत बुडवला आणि 1413 मायक्रोसायमन दाखवेपर्यंत बटण फिरवलं. पाच मिनिटांचं काम. समुद्रात दोरीने बांधलेल्या बोया असतात, चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या ओम्नी बोयांसारख्या. त्यांचे 500 मीटरपर्यंतचे सेन्सर जहाज जाऊन परत आणतं आणि ते पुन्हा तपासता येतात. फ्लोट एकदा सोडला की सहसा कोणी आणायला जात नाही. बॅटरी संपली की तो कुठेतरी हरवतो. मग प्रमाण द्रावणाची बाटली कोणती? तेच खोल पाणी. ते इतकं सावकाश बदलतं की शेजारच्या भरवशाच्या मोजमापांशी जुळवून सेल कितीने सरकला हे काढतात. हे कळलं त्या रात्री मी आठ पानं फाडली. आईने विचारलं, "काय फाडून राह्यली वो?" म्हटलं, पाऊस आणि धरणं.

मग दुरुस्ती केली. 70व्या फेरीपासून शेवटपर्यंत एक सरळ रेषा बसवली आणि तेवढी क्षारता वजा केली. सर म्हणाले, नळीचं माप बदललं तर वाहकता ठरावीक पटीने बदलते, म्हणून क्षारतेतून ठरावीक आकडा वजा करू नको. आधी वाहकतेवर परत जा, तिथे गुणक लाव, मग पुन्हा क्षारता काढ. ते केलं. 2000 मीटरवर फारसा फरक पडला नाही, पण वरच्या उबदार पाण्यात तिसऱ्या दशांशात पडला.

दरम्यान त्याच फ्लोटची तज्ज्ञांनी तपासलेली फाइल आली. ताज्या फाइलचं नाव R ने सुरू होतं, तपासलेलीचं D ने, आणि त्यात PSAL या मूळ क्षारतेशेजारी PSAL_ADJUSTED ही दुरुस्त क्षारता असते. मी R वरच काम करत होते. मोठ्या उत्साहाने दोन्ही रेषा एकावर एक ठेवल्या.

111व्या फेरीपर्यंत दोन्ही रेषा होत्या, पण माझी बहुतेक ठिकाणी त्यांच्या खाली होती. त्यानंतर त्यांची रेषाच नव्हती. सगळ्या क्षारतेवर 4 नंबरचा शेरा होता, म्हणजे वापरू नका. दुरुस्ती 0.05 च्या पुढे जायला लागली की तज्ज्ञ सावध होतात. आणि इथे सेल सरळ रेषेत सरकतच नव्हता, दर फेरीला जास्त जोरात सरकत होता. माझी सरळ रेषा 100व्या फेरीला खूप जास्त कापत होती आणि शेवटच्या फेऱ्यांना खूप कमी. दिसायला आलेख सपाट झाला होता, कारण मी तो सपाट व्हावा अशीच रेषा बसवली होती. तापमान आणि दाब मात्र शेवटपर्यंत 1 नंबरचे, म्हणजे चांगले होते.

शेवटच्या 49 फेऱ्यांची क्षारता मी काढून टाकली, तापमान ठेवलं. शीर्षकातून "खोल पाण्याच्या क्षारतेतील वाढ" गेलं. प्रोजेक्ट 61 पानांवरून 44 वर आला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पहिला प्रश्न विचारला, "160 फेऱ्या होत्या म्हणता, मग तक्त्यात 111च कशा?" मी आलेख पुढे सरकवला.