ब्राउनीच्या एका ट्रेचा हिशेब: तुकडा नेमका कितीला पडतो?

मागच्या नोंदीनंतर काहीजणांनी विचारलं होतं की बॅचचा खर्च तुकड्यांवर वाटताना भागायचं कशाने. यावेळची नोंद त्यावरच आहे. मजुरी, वीज, डिलिव्हरीचं भाडं हे सगळं बाजूला ठेवलंय. फक्त कच्चा माल आणि पॅकिंग. भाव जागेप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून चलन न लिहिता १०० ग्रॅम मैद्याची किंमत १ एकक धरली आहे. बाकीचे भाव त्या प्रमाणात. तुमचे आकडे घातलेत तरी रीत हीच राहील.

ट्रे २३ सेंटिमीटरचा चौकोनी. लोणी २०० ग्रॅम, डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, तीन अंडी, मैदा १०० ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, वर चिमूटभर मीठ आणि व्हॅनिला. माझ्या हिशेबात लोणी आणि चॉकलेट दोन्ही १०० ग्रॅमला १२ एकक, कोको १५, साखर १, एक अंडं दीड. म्हणजे लोण्याचे २४, चॉकलेटचे २४, कोकोचे ६, अंड्यांचे ४.५, साखरेचे २.५, मैद्याचा १ आणि मीठ-व्हॅनिलाचा १. एकूण ६३. बटर पेपरचा १ धरून ६४.

यातले ४८ फक्त लोणी आणि चॉकलेटचे आहेत. त्यामुळे माझं लक्ष आता तिथेच असतं. मैदा पाच ग्रॅम इकडेतिकडे झाला तर पोत बदलेल, पण हिशेबात काही दिसणार नाही. लोण्याचं तसं नाही.

भाव लावताना पाकिटावरची किंमत घेत नाही. दिलेले पैसे आणि माल घरी येईपर्यंतचा खर्च मिळवायचा आणि हाती लागलेल्या वापरण्याजोग्या ग्रॅमांनी भागायचा. तीस अंड्यांत एक फुटकं निघालं तर भागायचं २९ ने. शीटमध्ये C मध्ये दिलेली रक्कम, D मध्ये आणण्याचा खर्च, E मध्ये वापरण्याजोगं वजन किंवा नग:

```
=(C2+D2)/E2
```

आता भागाकाराकडे. वाडग्यात सगळं मिळून ९४७ ग्रॅम जातं. सुमारे २५ ग्रॅम वाडग्याला आणि चमच्याला चिकटून राहतं. भाजताना आणि निवताना पाणी उडतं, आणि ट्रेमधून बाहेर निघतात साधारण ८५० ग्रॅम. चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कडा कापल्या की आणखी सत्तरेक ग्रॅम जातात, सुरीला लागलेला चुरा वेगळा. हाती येतात ७६८ ग्रॅम, म्हणजे ४८ ग्रॅमचे सोळा तुकडे. या सगळ्या घटीने बॅचचा खर्च वाढत नाही, तो ६४ च राहतो. कमी होतं ते तुकड्याचं वजन. म्हणून लेबलवर निव्वळ वजन लिहायचं ते निवलेल्या आणि कापलेल्या तुकड्यांचं, आणि तेही सगळ्यात हलका तुकडा काट्यावर ठेवून. मिश्रणाचं वजन सोळाने भागलं तर ५९ ग्रॅम येतात, आणि तो आकडा ग्राहकाच्या हाती कधीच पडत नाही.

सोळातला एक तुकडा मी नमुना म्हणून गुंडाळून ठेवते. टिकण्याची मुदत संपेपर्यंत तो रोज बघायचा: वास, कोरडेपणा, बुरशी. कापलेली कड यासाठी चालत नाही, कारण ती मधल्या भागापेक्षा आधीच कोरडी असते. म्हणजे विकण्यासाठी उरले पंधरा. ६४ भागिले १६ म्हणजे ४, पण ६४ भागिले १५ म्हणजे ४.२७. मी ४.२७ धरते.

खरी गंमत पुढे आहे. माझा डबा चार तुकड्यांचा. पंधरातून तीन डबे भरतात आणि तीन तुकडे उरतात. ते वाया गेले तर बारा तुकड्यांवर ६४ चा भार येतो आणि तुकडा ५.३३ ला जातो. तीन तुकड्यांचा डबा करून पाहिला, त्यात शिल्लक काहीच उरत नाही, पण पॅकिंग महाग पडतं. आकडे खाली येतीलच. सध्या उरलेले तीन घट्ट गुंडाळून, तारीख घालून फ्रीझरमध्ये जातात. शीटमध्ये ते ४.२७ च्या दराने शिल्लक म्हणून पुढे ओढते. पुढच्या बॅचच्या तुकड्यांबरोबर ते डब्यात गेले तर डब्यावरची मुदत फ्रीझरमधून आलेल्या तुकड्यांनुसार ठरते, ताज्यांनुसार नाही.

पॅकिंगचे मी दोन थर करते: काही खर्च तुकड्यामागे किंवा डब्यामागे येतो, काही ऑर्डरमागे. प्रत्येक तुकड्याचं वेष्टन ०.५. डबा ५, लेबल १. बाहेरचा खोका ६, चिकटपट्टी आणि भरण्याचा कागद मिळून २. चार तुकड्यांच्या ऑर्डरला हे होतात १६, म्हणजे तुकड्यामागे ४. जवळजवळ आतल्या मालाइतकंच! दोन डबे एकाच खोक्यात गेले की एकूण २४, म्हणजे तुकड्यामागे ३. तीनच्या डब्याला मात्र, डबा ४.५ ला मिळाला तरी, एका ऑर्डरला १५ लागतात आणि तुकड्यामागे ५ पडतात. म्हणून मी चारच्याच डब्यावर राहिले आहे. एका डब्याच्या ऑर्डरमध्ये मला तुकडा ८.२७ ला पडतो आणि दोन डब्यांच्या ऑर्डरमध्ये ७.२७ ला. दोन डब्यांवर सूट द्यायची असेल तर ती या एका एककातूनच द्यायला हवी. ‘सरासरी पॅकिंग’ असा एकच आकडा शीटमध्ये घातला की हा फरक दिसेनासा होतो.

शेवटी ताळमेळ. दर काही बॅचनंतर लोणी आणि चॉकलेट वजन करून बघते. लोण्याची सुरुवातीची शिल्लक ३०० ग्रॅम, खरेदी १०००, अखेरची शिल्लक २४०, म्हणजे वापर १०६० ग्रॅम. बॅच झाल्या पाच, पाककृतीप्रमाणे लागायला हवं होतं १०००. साठ ग्रॅम जास्तीचे, बॅचमागे बारा. चॉकलेटचा ताळमेळ चोख होता, म्हणजे काटा बरोबर आहे. तूट फक्त लोण्यात आहे. हे बारा ग्रॅम ट्रेला आतून लावायला जातात, आणि पाककृतीत त्यांची नोंदच नसते. बारा ग्रॅम लोण्याचे होतात १.४४ एकक. आख्ख्या बॅचचा मैदा १ एककात येतो!

बटर पेपर चिकटून राहण्यापुरतंच काहीतरी हवं असतं, म्हणून आता ब्रशने दोन ग्रॅम तेल लावते. कागद जागेवर राहतो आणि तुकडे नेहमीसारखेच सुटतात. पुढच्या ताळमेळात लोण्याचा फरक शून्याजवळ आला नाही, तर मोजून कापण्याच्या पायरीवरच शोध घ्यावा लागेल, कारण मोठ्या लादीतून कापताना काट्यावर २०३ किंवा २०४ दिसलं की ‘चालेल’ म्हणून हात पुढे जातो. म्हणून यापुढे शीटमध्ये २०० ऐवजी काट्यावर दिसलेला आकडाच लिहिणार आहे.