फोटोतल्या बाळाला बाराबंदी चढवताना

संक्रांत जवळ आली की सोलापुरात फोटो मिक्सिंग करणाऱ्यांकडे एक ठरलेलं काम येतं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारी घरातली मोठी माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात. घरात नवीन बाळ आलं असेल तर त्याचाही तसाच फोटो हवा असतो आणि बाळ काही अंगावर बंद बांधून घेत नाही. मग व्हॉट्सॲपवर बाळाचा झबल्यातला फोटो येतो, मागोमाग आजोबांचा बाराबंदीतला फोटो येतो आणि निरोप येतो, "ओ दादा, ह्यांचीच जरा लहान करून बसवा की."

ह्या वाक्याची मला चीड आहे. बाळ कापून घेणं, मागचा भाग बदलणं, रंग जुळवणं, ही कामं कुठलाही ऑपरेटर करतो, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडतं ते कपड्यापाशी. मोठ्या माणसाचा कपडा फोटोशॉपमध्ये Ctrl+T करून निम्मा केला की बाळ बाहुलीसारखं दिसायला लागतं. रंग बरोबर असतो, कडा बरोबर असतात, तरी घरातली बाई एका नजरेत म्हणते, "काहीतरी चिकटवल्यासारखं वाटतंय." तिचं बरोबरच असतं. कारण मात्र तिला सांगता येत नाही आणि बरेचदा करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कारण असं की, माणूस लहान झाला तरी कापड लहान होत नाही. मलमल बाळाच्या अंगावर असो नाहीतर आजोबांच्या, त्याची जाडी तीच आणि ताठपणाही तोच. कापड किती वळल्यावर मोडतं, म्हणजे एक चुणी किती रुंद पडते, हे कापड ठरवतं, अंग ठरवत नाही. सैल मलमलीची चुणी आजोबांच्या छातीवर दोन-तीन सेंटिमीटर रुंद पडत असेल, तर बाळाच्या छातीवरही जवळपास तेवढीच पडणार. फरक एवढाच की बाळाच्या छातीवर जागा कमी, म्हणून तिथे चुण्या थोड्या आणि अंगाच्या मानाने मोठ्या दिसतात. आजोबांचा कपडा निम्मा केला की चुण्याही निम्म्या होतात, एक-दीड सेंटिमीटरच्या. दुप्पट दाट आणि बारीक. आपण सगळ्यांनी लहान मुलांना कपड्यात पाहिलेलं असतं, त्यामुळे डोळ्याला ते लगेच खटकतं.

शिवाय निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं? सव्वा वर्षाच्या बाळाच्या छातीचा घेर साधारण ४७ सेंमी असतो, डोक्याचा घेरही जवळपास तेवढाच. मोठ्या माणसाची छाती धरा ९५, म्हणजे छाती निम्मी झाली. डोकं मात्र मोठ्याच्या ५६-५७ च्या मानाने फारसं लहान नाही. बाह्या निम्म्याहूनही आखूड लागतात. मान तर दिसतच नाही, हनुवटीखालची वळी थेट कपड्यावर टेकते. एकाच टक्केवारीने सगळा कपडा लहान करून ह्यातलं काहीच जुळत नाही.

आता एक काम धरून सांगतो. चौदा महिन्यांचा मुलगा, चादरीवर बसलेला, अंगात बनियन, खाली नॅपी, उजेड डावीकडच्या खिडकीतून. फोटोत डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत ७०० पिक्सेल भरलं. ह्या वयात उंची पंचाहत्तर सेंमीच्या आसपास असते आणि डोकं तिच्या चौथ्या हिश्शाहून थोडं कमी, म्हणजे सुमारे साडेसतरा. म्हणून एका सेंटिमीटरला ४० पिक्सेल. हा एक आकडा कागदावर लिहून समोर ठेवला की निम्मं काम सोपं होतं, कारण पुढे प्रत्येक गोष्ट सेंटिमीटरमध्ये विचारायची. चुणी ८० ते १२० पिक्सेलची हवी. सैल कपड्यासकट छाती समोरून १७-१८ सेंमी दिसेल, म्हणजे ७०० च्या जवळ, डोक्याच्या उंचीएवढीच. त्यात मोठ्या चुण्या पाच-सहाच मावतात. दहा-बारा दिसल्या तर कपडा कुणाचा तरी लहान केलेला आहे.

तयार टेम्प्लेटमध्ये असा कपडा मिळत नाही. टेम्प्लेट बनवणाऱ्यांनीही मोठ्यांचेच कपडे आवळलेले असतात. म्हणून मी कपड्याचा फोटो स्वतः काढतो आणि त्याला बाळ लागत नाही, टॉवेल लागतात. आपल्याकडे टर्किश टॉवेलला तोटा नाही. दोन टॉवेल घट्ट गुंडाळायचे, टेप लावून घेर ४७ येईपर्यंत. पोटाच्या जागी पुढून एक नॅपकिन घडी करून बांधायचा, कारण ह्या वयाचं पोट छातीच्या पुढे असतं. बसलेल्या मांड्यांसाठी खाली आणखी एक गुंडाळी, पुढून फाकवलेली. दंडासाठी छोट्या नॅपकिनची गुंडाळी, घेर पंधरा-सोळा सेंमी, कोपरात वाकवून. ह्यावर जुनी, धुवून धुवून मऊ झालेली मलमल घालायची. नवीन कोरं कापड घेऊ नका, त्याला खळ असते आणि चुण्या कागदासारख्या मोडतात. कपड्याचा घेर छातीपेक्षा दहा-बारा सेंमी जास्त ठेवायचा. शिवायची गरज नाही, मागून टाचण्या पुरतात. पुढचे दोन पदर एकमेकांवर नीट आडवे घ्यायचे आणि बंद मात्र खरे बांधायचे.

बंदांकडे कोणी बघत नाही, पण बाळाचा आकार तेच ठरवतात. कापडाची पट्टी दुमडून शिवलेला बंद साधारण एक सेंटिमीटरचा असतो, कपडा बाळाचा असला तरी. म्हणून बाळाच्या अंगावर गाठ ढोबळ दिसते, मुठीच्या मानाने चांगली मोठी. लहान केलेल्या फोटोत तोच बंद अर्ध्या सेंटिमीटरची दोरी होतो. खालच्या दुमडीचंही तसंच, तीही फार बारीक झाली की बाहुलीचा कपडा.

कॅमेरा बाळाच्या फोटोत होता त्याच उंचीवर आणि त्याच बाजूचा उजेड घेऊन ठेवायचा. हे चुकलं तर पुढे काही करून जुळत नाही. घरचा फोटो बहुतेक वेळा उभ्याने, वरून काढलेला असतो, तेव्हा टॉवेलचाही वरूनच काढा. अंतरही तेच हवं.

मग कपडा बाळावर बसवताना `Warp` वापरायचा, पण फक्त बाहेरच्या कडा जुळवण्यापुरता. मधल्या चुण्या ओढल्या की त्यांची रुंदी बदलते आणि सगळी मेहनत वाया जाते. कुठे चुण्या हव्यात हे बघून घ्या. पोटाच्या फुगीर भागावर कापड जवळजवळ सपाट असतं, तिथे चुणी काढू नका. गाठीपासून दोन-तीन ताणाच्या रेषा निघतात आणि पोटाकडे येता येता विरतात. बाळ बसलेलं असल्यामुळे पोट आणि मांडी ह्यांच्या मध्ये कापड दबून एक जाड आडवी वळी होते, ती सर्वांत गडद. कोपरात दोन, फार तर तीन जाड कडी. बाही मनगटावरच्या त्या गुबगुबीत वळीपाशी अडते. नॅपीमुळे मागची कड थोडी उचललेली असते, तीही सपाट करू नका.

मऊपणा सावलीच्या कडेत असतो. मऊ चुणीची एक बाजू थोडी स्पष्ट असते आणि दुसरी विरघळत जाते. आमच्या ४० च्या हिशेबात ती विरण्याची जागा निदान अर्धा सेंटिमीटर, म्हणजे २० पिक्सेल हवी. लहान केलेल्या कपड्यात ती दहा पिक्सेलवर येते आणि कापड इस्त्रीच्या घडीसारखं कडक दिसतं. हाताने सावली वाढवायची असेल तर वेगळ्या लेयरवर `Multiply` ठेवून, ब्रशची `Hardness` शून्य करून, आधी रुंद आणि फिकट, मग फक्त मुळाशी गडद. सगळ्या चुण्या सारख्या लांबीच्या केल्या तर पडद्याच्या निऱ्या होतात.

पांढऱ्या रंगाचं एक. मलमल जिथे अंगाला टेकते तिथे खालचा कातडीचा रंग किंचित झिरपतो, खांद्यावर आणि दंडावर. जिथे दुहेरी पदर आहे तिथे ती खरी पांढरी. हा फरक ठेवला की कपडा अंगावर आल्यासारखा वाटतो. टॉवेल पांढरे असल्यामुळे तो फोटोत येत नाही, हलक्या हाताने भरावा लागतो. सर्वांत उजळ जागाही ० ते २५५ च्या मापात २४० च्या आसपासच थांबवा. पुढे गेलं की प्रिंटमध्ये तिथे कोरा कागद उरतो आणि चुणी गायब. हनुवटीखाली मात्र एक अरुंद गडद सावली पाहिजेच, नाहीतर डोकं वर तरंगतं.

गिऱ्हाईक इथे हमखास अडवतं. "जरा कडक करा की, इस्त्रीची वाटू द्या." मोठ्यांची बाराबंदी कडक शोभते. सव्वा वर्षाच्या पोराला खळ घातलेलं कापड घातलं तर पहिल्या पाच मिनिटांत मानेला लाल वळ उठेल, घालणार कोण? मी चुण्यांना हात लावत नाही. फार आग्रह झाला तर पदराची पुढची कड तेवढी सरळ करून देतो, त्यावर समाधान होतं.

हे आधी सांगायला हवं होतं: फोटो मागवतानाच सांगा की मोबाइल बाळाच्या तोंडाजवळ धरू नका. जवळून डोकं आणखी मोठं येतं आणि सेंटिमीटरचा हिशेब बिघडतो. दीड-दोन मीटर मागे जाऊन, खाली बसून काढा. हात अंगापासून थोडे सुटे असतील तर उत्तम, म्हणजे बाही आणि छाती ह्यांच्या मधली सावली खरी मिळते. बनियन असलेलं बरं, उघड्या अंगापेक्षा खांद्याची शिवण कुठे येते ते कळतं.

आणि फेटा मागितला तर छातीच्या मापाने लहान करू नका. डोकं मोठ्याच्या ऐंशी टक्क्यांच्या वर असतं, फेटाही त्याच मानाने येतो. मग तो खांद्यांपेक्षा रुंद दिसतो आणि घरचे म्हणतात फार मोठा झाला. बांधताना कापडाचे वेढे कमी घ्या, म्हणजे उंची आणि फुगवटा कमी होईल, पण कपाळावरची पट्टी आहे तेवढीच रुंद ठेवा. भुवया झाकल्या जात असतील तर फेटा सोडून साधी टोपी घाला.