तीस सेकंदांचं माप

माझे कपडे शिवणाऱ्या ताईंनी स्वतःचं दुकान टाकलं आणि मला म्हणाल्या, व्हिडिओत बोलायला चार ओळी लिहून द्या, तीस सेकंदांच्या. मी मोठ्या उत्साहाने लिहून दिलं, "नमस्कार मंडळी, आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत", पुढे "उत्कृष्ट शिलाई व वाजवी दर" वगैरे. त्यांनी वाचलं तर 51 सेकंद लागले, आणि आवाज असा की जणू दुकानाची पाटी वाचतायत. नुसत्या नमस्कार-स्वागतात पाच सेकंद गेले, तेवढ्यात बघणारा पुढच्या व्हिडिओवर पोचलेला असतो.

मग मी फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, येणाऱ्या बायका सगळ्यात जास्त काय विचारतात हो? त्या पटकन म्हणाल्या, "ब्लाउज घट्ट झालाय, सैल होईल का?" झालं, पहिली ओळ मिळाली! मी त्याचं "घट्ट ब्लाउज सैल करून मिळेल" केलं तर त्या अडल्या. आत मार्जिनच ठेवलेलं नसलं तर उसवून काय करणार, आणि रेशमी कापडावर तर जुन्या टाक्यांची भोकं दिसत राहतात, उद्या सगळ्या तसले ब्लाउज घेऊन आल्या की भांडण माझ्याशी. म्हणून "असेल तर" राहिलं. दोनच शब्द, पण स्क्रिप्टमधले सगळ्यात कामाचे. शेवटी हे ठरलं:

"ब्लाउज घट्ट झालाय? फेकू नका, आत मार्जिन असेल तर मी सैल करून देते. मी अमुक, बसस्टँडमागे औषधांच्या दुकानाला लागून माझं शिलाईचं दुकान सुरू झालंय. ब्लाउज, ड्रेस, मुलांचे कपडे शिवते आणि अल्टर पण करते. येताना अंगात नीट बसणारा एक जुना कपडा आणा, त्यावरून माप घेते. सोमवारी बंद, बाकी दिवशी दहा ते सात. नंबर खाली लिहिलाय."

54 शब्द. अमुकच्या जागी त्यांचं नाव. घड्याळ लावलं, 26 सेकंद. फोन नंबर मुद्दाम बोलायचा नाही, दहा आकड्यांना पाच-सहा सेकंद जातात आणि ऐकून कुणी लिहून घेत नाही, तो स्क्रीनवर बरा. पत्ता मात्र तोंडाने सांगायचा, आणि खुणेसकट, कारण गल्लीचं नाव लोकांना आठवत नाही, औषधाचं दुकान आठवतं.

उरलेल्या चार सेकंदांत "अर्जंट करून मिळेल" टाकू का, असं मीच विचारलं. त्या म्हणाल्या नको, बोलताना श्वास घ्यायला जागा पाहिजे ना, आणि सणाच्या आधी अर्जंटवाल्या दारात बसतात ते वेगळंच.

शूट करताना पंखा बंद केला कारण त्याची घरघर आवाजात येत होती, तिसऱ्या टेकला त्यांना घाम फुटला, गळ्यातल्या टेपने तो पुसत त्या बोलत राहिल्या, तोच टेक ठेवलाय.