‘खरेदी विभागाचे काम पाहिले’

नोकरी शोधणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर एका बाईंनी आपला रेझ्युमेच पोस्ट केला होता. सोबत एवढंच लिहिलं होतं : ‘अकरा वर्षांचा अनुभव आहे, अर्ज करते, कुठूनच उत्तर येत नाही. काय चुकतंय?’ मी पाहिलं तोवर खाली ‘मेसेज केलाय’, ‘इनबॉक्स बघा’ अशी रांग लागली होती. एकाने तर अगदी कमी दरात ‘नोकरीची गॅरंटी’ही देऊ केली होती.

मी पैसे घेऊन लोकांचे रेझ्युमे लिहून देते, पण ग्रुपमध्ये मी आधी कधीच दर लिहीत नाही. बहुतेक ग्रुपमध्ये जाहिरातीला बंदी असते, हे एक कारण झालंच. पण मुख्य म्हणजे विचारणाऱ्याला त्या क्षणी उत्तर हवं असतं, दरपत्रक नको असतं. त्या फाइलमध्ये बाईंचा मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि सध्याच्या कंपनीचं नाव उघडं पडलं होतं. म्हणून पहिला मेसेज खासगीत टाकला : ‘मॅडम, फाइल आधी काढा. तुम्ही अजून नोकरीत आहात, हे ऑफिसमधल्या कोणी पाहिलं तर अडचण होईल.’ त्यांनी लगेच काढली. मग ग्रुपवर, सगळ्यांना उपयोगी पडेल असं उत्तर दिलं : रेझ्युमेची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करून वाचून बघा.

त्यांनी करून पाहिलं आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. रेझ्युमे दोन रकान्यांचा, रंगीत टेम्प्लेटमधला. पेस्ट केल्यावर आधी सगळ्या तारखा एकाखाली एक आल्या, मग सगळी पदं, आणि कंपन्यांची नावं भलतीकडेच, कौशल्यांच्या यादीत मिसळलेली. मोबाइल नंबर आलाच नाही, कारण तो चित्राच्या स्वरूपात वरच्या पट्टीत बसवला होता. कौशल्यांपुढच्या रंगीत पट्ट्यांचं तर नामोनिशाण नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या धंद्यात त्यावरून लोकांना फार घाबरवलं जातं. अर्ज सांभाळणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एटीएस, असा रेझ्युमे पाहून थेट केराच्या टोपलीत टाकतं असं सरसकट नसतं. साधारणपणे ते मजकूर वाचून नाव, पद, कालावधी असे रकाने भरतं आणि भरती करणारा माणूस त्यात शोध घेतो. रकाने चुकीचे भरले गेले, तर अकरा वर्षांचा अनुभव असूनही शोधात नाव वर येत नाही. हे मी बाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग ताई, फक्त फॉरमॅट नीट करून द्या. त्याचे किती?”

फॉरमॅट सरळ करणं हे तासाभराचं काम, आणि ते त्यांचं त्यांनाही जमलं असतं. पण मजकुरात अकरा वर्षांचा सारांश एका ओळीत होता : ‘खरेदी विभागाचे काम पाहिले.’ ही ओळ एका रकान्यात छापली काय आणि दोन रकान्यांत छापली काय!

माझी तीन पॅकेजेस आहेत, आणि दर पानांवर नसून तासांवर बेतलेले आहेत. अनुभवी माणसाच्या रेझ्युमेला दीड तास बोलणं, चार तास लिहिणं, दीड तास दुरुस्त्या आणि तासभर निरोपानिरोपी असे आठ तास जातात. हा शेवटचा तास नवखे लोक धरतच नाहीत आणि मग दर परवडत नाही. रेझ्युमेच्या दराला एक धरलं, तर लिंक्डइन प्रोफाइलसकट दर दीडपट होतो. दुप्पट नाही, कारण सविस्तर बोलणं एकदाच होतं. कव्हर लेटर आणि दुसऱ्या प्रकारच्या पदासाठी वेगळा रेझ्युमे हवा असेल तर दोनपटीच्या थोडं वर जातो. निम्मी रक्कम आधी, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, आणि नोकरीची हमी नाही. हे सगळं मी लेखी पाठवते.

बाईंनी थेट मोठं पॅकेज मागितलं, पण सवलतीत. मी विचारलं, “दुसऱ्या प्रकारच्या पदासाठी अर्ज करणार आहात का?” नव्हत्या करणार. मग मधलं पॅकेज पुरे होतं. मी दर उतरवत नाही. बजेट कमी असेल तर काम कमी करते. त्याच कामाचा दर एकदा खाली आला की पहिला आकडा फुगवलेला होता असंच समोरच्याला वाटतं, आणि ग्रुपमध्ये लोक आपसात दर सांगतातच.

फोनवर मी त्यांना विचारलं, “तुम्ही आठवडाभर रजेवर गेलात तर ऑफिसमध्ये काय अडतं?” हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, कारण ‘तुमची कामगिरी सांगा’ म्हटलं की माणूस गप्प होतो. त्या पटकन म्हणाल्या, “पर्यायी पुरवठादाराला मंजुरी माझ्याशिवाय मिळत नाही.” त्या धाग्यावरून कळलं की पॅकिंग मटेरियलचे पुरवठादार त्यांनी 34 वरून 19 वर आणले होते आणि ऐनवेळच्या तातडीच्या ऑर्डरी महिन्याला सातच्या आसपास असायच्या त्या दोनवर आल्या होत्या. रेझ्युमेत यातलं अक्षरही नव्हतं. “ते तर रोजचं काम,” त्या म्हणाल्या.

ग्रुपमधल्या कोणीतरी त्यांना ‘खर्चात 40 टक्के बचत’ लिहायला सुचवलं होतं. मी विचारलं, “40 टक्के कशाचे?” तेव्हा कळलं की एकाच खोक्याचा दर, एकाच तिमाहीत, तेवढा उतरला होता, आणि तेव्हा बाजारातच कागद स्वस्त झाला होता. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला हा आकडा कोसळला असता. तो काढला. 34 आणि 19 ठेवले, कारण ती यादी त्यांना तोंडपाठ होती. पुरवठादारांची नावं आणि दर मात्र लिहिले नाहीत. ती कंपनीची माहिती.

प्रोफाइलला वेगळी काळजी घ्यावी लागली. रेझ्युमे आपण निवडून पाठवतो, प्रोफाइल साहेबही बघतात. म्हणून आधी नेटवर्कला बदल कळवण्याची सेटिंग बंद करायला लावली. मग 220 अक्षरांच्या हेडलाइनमध्ये ‘नोकरीच्या शोधात’ असं न लिहिता पद, क्षेत्र आणि पुरवठादार-व्यवस्थापन एवढंच ठेवलं. पदं आणि तारखा रेझ्युमेशी तंतोतंत जुळवल्या, कारण तफावत दिसली की संशय येतो. आकडे मात्र रेझ्युमेतच ठेवले.

काही आठवड्यांनी त्यांना एका मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिलाच प्रश्न होता, 34 चे 19 कसे केले? त्या त्यावर वीस मिनिटं बोलल्या. निकाल अजून यायचा होता, तरी त्यांनी स्वतःहून ग्रुपवर जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी शेजारी टाकली, कंपनीचं नाव झाकून. त्या पोस्टखाली दोघांनी मला विचारलं. एक नुकतीच शिक्षण संपवलेली मुलगी होती. तिला आठ तासांचं कामच नव्हतं, म्हणून तिच्यासाठी प्रोजेक्टवर बेतलेलं एक पान निम्म्या दरात ठरलं. दुसऱ्या गृहस्थांना नोकरीतला चौदा महिन्यांचा खंड तारखा सरकवून झाकायचा होता. त्यांना मी नकार दिला; कारण तारखांची पडताळणी जुन्या कंपनीकडून होऊ शकते, आणि मिळालेली नोकरीही त्यावरून जाऊ शकते. ‘वडिलांच्या आजारपणामुळे विराम’ अशी एक खरी ओळ लिहायची तयारी असेल तर काम घेते, असं कळवलं. दोन दिवसांनी त्यांनी निम्मी रक्कम पाठवली आणि खऱ्या तारखाही.